कपाळ वर सरकतंय, भुवयाही गेल्या: फ्रंटल फायब्रोझिंग अलोपेशियाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गात स्किनची ओपीडी बघते मी, आणि पाळी जाऊन पाच-दहा वर्षं झालेल्या बायकांकडून हेच प्रश्न इतक्या वेळा येतात की एकदा सगळं लिहूनच टाकावं म्हटलं. मधेमधे एका काकूंची गोष्ट येईल, मालवणकडच्या. नाव नाही लिहीत, पण आकडे लिहिते, कारण या आजारात आकडेच कामाला येतात.

हे नक्की काय आहे? साधी केसगळती नाही का?

नाही. साध्या केसगळतीत केस गळतो पण मूळ आत जिवंत असतं, परत उगवायची सोय राहते. इथे आपल्याच शरीरातल्या पांढऱ्या पेशी कपाळाच्या कडेच्या केसांच्या मुळांभोवती जमतात, आणि मुळाच्या वरच्या भागात जिथे नवीन केस तयार करणाऱ्या पेशी राहतात नेमकं तिथेच सूज आणतात. त्या पेशी मेल्या की तिथे व्रण भरतो आणि केसाचं भोक बुजून जातं. म्हणजे जखम बाहेर दिसत नाही, आतल्या आत होते. लायकेन प्लॅनोपायलॅरिस नावाचा डोक्याचा एक आजार आहे, त्याचाच हा एक प्रकार समजतात. ऑस्ट्रेलियातल्या स्टीव्हन कोसार्ड या डॉक्टरांनी 1994 साली पाळी गेलेल्या सहा बायकांमध्ये याचं पहिलं वर्णन लिहिलं, म्हणजे तसा नवीनच. पाळी जायच्या आधीही होतो, क्वचित पुरुषांनाही होतो, पण बहुतेक पेशंट पाळी गेलेल्या बायकाच.

का होतो याचं सरळ उत्तर नाहीये. इम्युनिटीची गडबड आहे, हार्मोनचा काहीतरी संबंध आहे, घराण्यातून येणारा थोडा कल आहे, इथपर्यंत माहिती आहे. संसर्ग नाही, एकमेकींचा कंगवा वापरून होत नाही.

मला आधी भुवया विरळ झाल्या, केस नंतर. असं होतं का?

होतं, आणि तिथेच बरेच जण फसतात. स्पेनमधल्या डॉक्टरांनी 2014 साली 355 पेशंटचा अभ्यास छापला, त्यात दहातल्या आठ जणांच्या भुवया गेलेल्या होत्या. कित्येकींना केसांच्या वर्ष दोन वर्षं आधी भुवया जातात आणि बाई पेन्सिल फिरवून मोकळी होते. आमच्या काकूंचंही तेच, पन्नासाव्या वर्षी पाळी गेली, चोपन्नाव्या वर्षापासून भुवयांना पेन्सिल, आणि माझ्याकडे आल्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्यांना वाटलं होतं वयाने होतंय.

भुवया गेल्या म्हणजे हाच आजार असंही नाही हां. थायरॉईड कमी असेल तर भुवयांचा बाहेरचा भाग विरळ होतो. आणि एक गोष्ट आपल्याकडे विसरून चालणार नाही, कुष्ठरोगातही भुवया जातात. म्हणून मी भुवयांची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकीच्या अंगावर फिकट किंवा बधिर चट्टा आहे का, हातापायाला मुंग्या येतात का, कानाच्या पाळ्या जाड झाल्यात का हे बघतेच. बायका बिचकतात या प्रश्नाने, पण दोन मिनिटांचं काम आहे.

घरी कसं ओळखायचं?

आरशासमोर दिवसाच्या उजेडात उभं राहा आणि भुवया जोरात वर उचला, कपाळाला आठ्या पडतील. आठ्या जिथे संपतात तिथपर्यंत तुमचं मूळचं कपाळ. त्याच्या वर आठी न पडणारा, गुळगुळीत, जरा फिका पट्टा असेल आणि मग केस सुरू होत असतील, तर तो पट्टा म्हणजे आधी जिथे केस होते ती जागा. कोकणात हे फार स्पष्ट दिसतं, कारण शेतात, आंब्याकाजूच्या बागेत, मासळी सुकवताना ऊन खाऊन खाऊन जुनं कपाळ रापलेलं असतं आणि केसांखाली झाकलेली कातडी कधी रापलेलीच नसते. काकूंच्या कपाळावर तर अगदी रेघ होती, खाली काळसर, वर गव्हाळ.

त्या पट्ट्यात मधेच एखाद दुसरा लांब केस एकटाच उभा असतो, तो जुन्या कडेचा उरलेला. तो उपटू नका! मला तोच खूण म्हणून लागतो.

आणखी, नवीन कडेला कपाळावरची ती बारीक मऊ लव असते ना, लहान मुलीला असते तशी, ती नसते, केस एकदम जाड सुरू होतात, जणू कुणी विग ठेवलाय. कडेच्या केसांच्या मुळाशी पांढरी बारीक खपली, आजूबाजूला लाली, आणि आपल्या रंगात ती लाली लाल नाही दिसत, जांभळट तपकिरी दिसते, म्हणून सुटून जाते. खाज, किंवा केस मागे ओढले की कडेला दुखल्यासारखं. कोंडा समजून बायका वर्षभर शाम्पू बदलत बसतात. काहींना कानशिलावर रव्याचे दाणे कातडीखाली ठेवल्यासारखे बारीक पुरळ असतात, तेही याच आजाराचे, चेहऱ्यावरच्या लवेची मुळं सुजल्याने येतात. हातापायांची लव गेलीय का तेही आठवा, कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही. काहींच्या कपाळावर आणि गालाला राखाडी काळे डागही येतात, त्याला सगळे वांग म्हणतात, पण तो सावळ्या कातडीत या आजाराबरोबर येणारा लायकेनचा दुसरा प्रकार असू शकतो.

गजरे घालून, घट्ट अंबाडा बांधून झालं असेल का?

आमच्याकडे अबोलीचे वळेसर माळणाऱ्या बायकांना हा प्रश्न हमखास पडतो. घट्ट बांधल्याने कडेचे केस जातात हे खरं, पण तिथे अगदी पुढच्या काठाला बारीक छोट्या केसांची झालर शिल्लक राहते, कारण ते छोटे केस अंबाड्यात ओढलेच जात नाहीत. या आजारात झालरच आधी जाते. आणि अंबाड्याने भुवया जात नाहीत, एवढं सोपं आहे ते.

वयाच्या केसगळतीत भांग रुंद होतो, पुढची कड बरीचशी जागेवर राहते. इथे उलटं, भांग ठीक असतो आणि कड मागे जाते. अर्थात साठीच्या बाईला दोन्ही एकत्र असू शकतात, मग डॉक्टरही गोंधळतात.

बायोप्सी करावीच लागते का? डोक्याला टाके म्हणजे भीती वाटते.

प्रत्येकीला नाही. डर्मोस्कोप म्हणजे लाईट असलेलं भिंग, त्यातून केसांची भोकं बुजलेली आणि मुळाभोवती नळीसारखी खपली दिसली, भुवयाही गेलेल्या असल्या, तर चित्र पुरेसं असतं. शंका असेल तेव्हा बायोप्सी, भूल देऊन चार मिलीमीटरचा गोल तुकडा, एक दोन टाके, पंधरा मिनिटांचं काम. फक्त तो तुकडा कुठून घेतला यावर सगळं अवलंबून आहे. गुळगुळीत पट्ट्यातून घेतला तर रिपोर्टमध्ये नुसता जुना व्रण येतो, आजार चालू आहे की नाही कळत नाही. जिथे लाली आणि खपली आहे आणि केस अजून उभा आहे, त्या काठावरचा घ्यायला लागतो. काकूंचा आधी एके ठिकाणी घेतलेला तुकडा पट्ट्यातलाच होता, रिपोर्ट आला 'नॉन स्पेसिफिक', म्हणजे ठोस काही सांगता येत नाही, आणि त्या रिपोर्टच्या भरवशावर दोन वर्षं मल्टीव्हिटॅमिन आणि डोक्याला लावायचं केस वाढवणारं मिनॉक्सिडिल. त्या दोन वर्षांत गेलेले केस गेलेच.

केस परत येतले काय?

हा प्रश्न काकूंनी पहिल्याच दिवशी विचारला, बसायच्या आधी. पट्ट्यातले नाही येणार. भोक बुजलंय, तिथे कुठलंही तेल, कांद्याचा रस, जास्वंदीचं उकळलेलं खोबरेल, आपल्याच रक्तातून काढलेलं पीआरपीचं इंजेक्शन, काही घातलं तरी आत उगवायला काही उरलेलंच नाही. हे मी गोड करून सांगत नाही, कारण खोट्या आशेवर बायका हजारो रुपये घालवतात आणि त्या काळात कड अजून मागे जाते. कडेवरचे सुजलेले पण अजून न मेलेले थोडे केस सुधारतात, पाच सहा मिलीमीटर भरल्यासारखं वाटलं तर नशीब.

भुवयांचं मात्र वेगळं. तिथे लवकर पकडलं तर बरेचदा थोड्याफार परत येतात.

उपचार कशासाठी, तर कड आहे तिथे थांबवायला.

मग थांबवायला काय देता?

मोठे, नीट तुलना करून केलेले अभ्यास फार कमी आहेत, बरंचसं ज्ञान पेशंटच्या जुन्या नोंदींवरून आलंय, हे आधी सांगते. त्यातल्या त्यात सगळ्यात भरवशाच्या वाटतात त्या फिनास्टेराईड आणि ड्युटास्टेराईड या गोळ्या. मी वर म्हटलं त्या स्पॅनिश अभ्यासात फिनास्टेराईड घेतलेल्या सगळ्यांचाच आजार एकतर थांबला किंवा थोडा सुधारला. डोस साधारण फिनास्टेराईड रोज अडीच ते पाच मिलीग्रॅम, किंवा ड्युटास्टेराईड अर्धा मिलीग्रॅमची कॅप्सूल, रोज किंवा आठवड्यातून काही दिवस.

आता गंमत अशी की या गोळ्या मूळच्या पुरुषांच्या प्रोस्टेटच्या. काकू मेडिकलात गेल्या तर तो म्हणाला "काकांची गोळी का ही?", आणि काकू गोळी न घेताच घरी. तेव्हा आधीच सांगून ठेवते, गोळी तुमचीच आहे. पाळी गेलेल्या बाईला चालते, पण बायकांसाठी या आजाराला तिची अधिकृत मंजुरी नाही, डॉक्टर आपल्या अनुभवावर देतात. स्तनाच्या कॅन्सरची हिस्ट्री असेल तर आधी सांगायचंच, कारण हार्मोनशी खेळणारी गोळी आहे. कुणाचे स्तन दुखतात, कुणाचं मन उदास राहतं, तसं वाटलं तर कळवायचं. घरात सून गरोदर असेल तर फुटलेल्या गोळीला किंवा गळक्या कॅप्सूलला तिने हात लावायचा नाही, पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीला धोका असतो. आणि ड्युटास्टेराईड बंद केल्यावर सहा महिने रक्तदान नाही.

दुसरी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सूज कमी करायला. हिचा डोस वजनावर, दर किलोला रोज पाच मिलीग्रॅमच्या वर जायचं नाही. काकू 48 किलो, म्हणजे जास्तीत जास्त 240, म्हणून 200 ची एक गोळी. त्यांच्या आधीच्या चिठ्ठीत कुणीतरी 400 लिहिलं होतं, ते त्यांना जास्तच झालं असतं. ही गोळी जास्त डोसने किंवा वर्षानुवर्षं घेतली तर डोळ्याच्या पडद्याला त्रास देऊ शकते, म्हणून सुरुवातीच्या वर्षात एकदा पडदा तपासून ठेवायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. किडनी कमजोर असेल तर आधीपासूनच दरवर्षी. डायबेटिसची गोळी चालू असेल तर साखर खाली जाऊ शकते, ते लक्षात ठेवा. आणि परिणामाला सहा महिने तरी लागतात, पंधरा दिवसांनी फोन करून "काय फरक नाय" म्हणू नका, नसणारच.

तिसरं म्हणजे कडेला ट्रायमसिनोलोन या स्टेरॉईडचं इंजेक्शन, अगदी पातळ करून, कडेच्या रेषेवर सेंटीमीटर सेंटीमीटर सोडून थेंब थेंब, दोन तीन महिन्यांनी. लाली आणि खाज यानेच सगळ्यात लवकर जाते. पण हात जड पडला तर कातडी खचते, शिरा दिसायला लागतात, आणि या आजारात कानशिलाच्या शिरा आधीच उठून दिसत असतात. म्हणून गुळगुळीत पट्ट्यात सुई घालायचीच नाही, तिथे शांत करायला काही उरलेलं नसतं. क्लोबेटासॉल या स्टेरॉईडच्या मलमाचंही तेच, फक्त केसांच्या कडेवर, डॉक्टरने सांगितले तेवढेच दिवस. त्याला पर्याय म्हणून मी टॅक्रोलिमस मलम देते, त्याने कातडी पातळ होत नाही.

भुवयांना अजून पातळ इंजेक्शन, किंवा तोंडाने अगदी कमी डोसचं मिनॉक्सिडिल. त्याने गालावर लव येते, पायाला सूज येऊ शकते, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारूनच घ्यायचं.

थांबलं की नाही हे कळणार कसं?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून सावकाश लिहिते. केस गळून कंगव्यात येतायत का यावरून काही कळत नाही, या आजारात एका दिवसात मूठभर केस पडत नाहीत. टिकलीपासून मोजू नका, टिकली आपण रोज वर खाली लावतो. भुवईपासूनही नको, भुवईच नाहीये. दोन डोळ्यांच्या मधे नाकाच्या मुळाशी खळगा असतो, तिथे शिंप्याच्या टेपचं टोक ठेवा, कपाळ सैल सोडा, आणि सरळ वर जिथे केस दाट सुरू होतात तिथपर्यंत मोजा, तो एकटा केस धरायचा नाही. मग डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून आडवं कानशिलाच्या केसांपर्यंत, दोन्ही बाजूंना. तीन महिन्यांनी एकदा, त्याच माणसाने, त्याच टेपने. सोबत केस मागे बांधून खिडकीच्या उजेडात तीन फोटो.

काकूंचं मधलं माप पहिल्या दिवशी 8.7 सेंटीमीटर होतं. तो एकटा केस आणि आठ्यांची रेघ 6.8 वर, म्हणजे चार वर्षांत जवळपास दोन सेंटीमीटर गेले होते. उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांनी 8.8, सहा महिन्यांनी 8.9, तेव्हा काकू रडकुंडीला आल्या की औषध लागू पडत नाही. पण टेपने घरी मोजताना दोन मिलीमीटर इकडे तिकडे होतंच, शिवाय गोळीला सहा महिने लागतातच. बाराव्या महिन्याला 8.9, अठराव्याला 8.9. याला थांबलं म्हणतात. तीन महिन्यांच्या आकड्याने घाबरू नका, वर्षाचा आकडा बघा.

मधे एक घोटाळा झाला. जुलैत गडग्याच्या पलीकडे पाणी भरलं, रस्ता बंद, गोळ्या संपल्या आणि मग गणपतीच्या गडबडीत सुरू करायच्या राहिल्याच, एकूण अडीच महिने. दहाव्या महिन्यात डावं कानशील 5.6 वरून 5.9 झालं, आणि फक्त आकडा नाही, तिथे खाज आणि जांभळट कड परत दिसत होती. तीन मिलीमीटर अधिक खाज अधिक खपली, तेव्हा ते खरं धरायचं. इंजेक्शन दिलं, गोळी परत सुरू केली, 5.9 वर थांबलं. ते तीन मिलीमीटर मात्र गेले ते गेले. आता पावसाआधी तीन महिन्यांच्या गोळ्या घरात हव्यातच असा आमचा करार आहे.

उलटंही होतं हां, खाज नाही, लाली नाही, तरी कड हळूहळू सरकतेच. म्हणून शांत वाटलं तरी टेप सोडायचा नाही.

गोळी आयुष्यभर घ्यायची का?

बहुतेकींना काही वर्षं तरी. कधीतरी आजार आपोआप विझतो, पण कुणाचा कधी ते आधी सांगता येत नाही. दोन वर्षं माप हललं नाही आणि डर्मोस्कोपमध्ये खपली नाही, तर मी आधी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कमी करून बघते, फिनास्टेराईड किंवा ड्युटास्टेराईड चालू ठेवून. दोन्ही एकदम बंद कधीच नाही.

सनस्क्रीनमुळे होतं म्हणतात, लावू की नको?

2016 साली इंग्लंडमध्ये प्रश्नावली देऊन केलेल्या अभ्यासात या बायका सनस्क्रीन आणि चेहऱ्याची क्रीम जास्त वापरताना आढळल्या, तिथून ही चर्चा सुरू झाली. पण त्यामुळे झालं हे सिद्ध झालेलं नाही, आणि माझ्या निम्म्या पेशंटनी आयुष्यात सनस्क्रीन बघितलेलं नाही. मन खात असेल तर केसांच्या कडेपासून बोटभर खाली थांबा आणि उन्हात पदर किंवा टोपी घ्या.

हेअर ट्रान्सप्लांट? भुवयांचं टॅटू?

ट्रान्सप्लांटचं मुंबईहून मुलं सुचवतात, पैसे भरायलाही तयार असतात. आजार चालू असताना केलं तर लावलेले केसही तोच आजार खातो. किमान दोन वर्षं पूर्ण शांत असेल तरच विचार, आणि तरीसुद्धा सुरुवातीला छान उगवलेले केस तीन चार वर्षांनी विरळ होताना दिसलेत. मी स्वतः कुणाला आग्रह करत नाही. पुढे केस घेऊन कापलेली बट, रुंद हेअरबँड, किंवा पुढचा छोटा विग, यांनी काम जास्त सोपं होतं.

भुवयांचं टॅटू किंवा मायक्रोब्लेडिंग चालतं, पण भुवयांच्या जागी लाली पुरळ असताना नको, आणि सुई नवीन उघडलेली आहे का ते समोर बघा. काकूंनी नाही केलं. त्यांच्या भुवया आतल्या बाजूला निम्म्या आल्यात, उरलेल्याला पेन्सिल पुरते म्हणतात.

माझ्या मुलीला होईल का?

घराण्यात दोघी तिघींना झाल्याची उदाहरणं आहेत, पण बहुतेकींच्या मुलींना होत नाही, आणि आधी करून ठेवायची कुठली टेस्टही नाही. मुलीला एवढंच सांगा की चाळिशीनंतर भुवया विनाकारण विरळ झाल्या तर पेन्सिल घेण्याआधी एकदा स्किनवाल्याला दाखव. काकूंची लेक गेल्या महिन्यात आईबरोबर आली तेव्हा मी तिच्याही भुवया आणि कड भिंगातून बघितली, लव जागेवर होती, तिचं माप काकूंच्याच वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय.